जॉबवर्करकडील साठ्याची पुष्टी घेतली

शीर्षकातलं वाक्य माझं आहे. ३१ मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षाच्या एका ऑडिट फाइलच्या क्लोजिंग मेमोत मी ते लिहिलं आणि खाली सही केली. जॉबवर्कर मोजले तर ते दोन-तृतीयांश खरं होतं. रुपये मोजले तर निम्म्याहून थोडंसंच जास्त.

क्लोजिंग मेमो म्हणजे फाइलच्या सगळ्यात वर लावायचे दोन-तीन कागद. काय तपासलं, काय निष्कर्ष निघाला, कोणते फरक सापडले आणि त्यातले कोणते कंपनीने दुरुस्त केले नाहीत, कोणते मुद्दे अजून लटकलेले आहेत, आणि हे सगळं कोणी, कधी तपासलं. एसए २३० हे कागदपत्रांचं मानक असा सारांश ठेवणं उपयोगी ठरू शकतं एवढंच म्हणतं, सक्ती करत नाही. पण आमच्यासारख्या दोन भागीदारांच्या ऑफिसात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जी फाइल सहीला येते, तिच्यातला खरोखर वाचला जाणारा कागद बहुधा हाच असतो. म्हणून त्यातली चूक फाइलमधल्या इतर चुकांपेक्षा लांब जाते.

कंपनी वाळूज एमआयडीसीतली. पत्र्याचे ब्रॅकेट प्रेसवर काढायचे, बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणायचे आणि मोठ्या वाहन कंपन्यांना पुरवायचे, असा तिचा धंदा. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला आला आणि त्याच्या भोवती असे पुरवठादार उभे राहिले. त्यांची ऑडिटं हाच आमच्यासारख्यांचा रोजगार. वार्षिक विक्री ४२ कोटी, करपूर्व नफा १ कोटी ६० लाख. नफ्याच्या ५ टक्के, म्हणजे ८ लाख, ही आमची मटेरिअ‍ॅलिटी. त्याहून मोठी चूक ताळेबंदात राहिली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल असं आम्ही धरलं होतं. प्रत्यक्ष तपासणीसाठी त्याच्या ७५ टक्के, ६ लाख. आणि ४० हजारांखालचे फरक नोंदवायचेच नाहीत.

एकूण साठा ३ कोटी ८५ लाख. त्यातला ४६ लाखांचा माल वर्षअखेरीला कंपनीच्या आवारात नव्हता: २१ लाखांचा प्लेटिंगवाल्याकडे, १७ लाखांचा हीट ट्रीटमेंटला आणि ८ लाखांचा मशिनिंगला. दुसऱ्याच्या ताब्यातला साठा रकमेने मोठा असेल तर ऑडिटरने त्याच्याकडून पत्र मागवावं, किंवा स्वतः जाऊन माल बघावा, किंवा दुसरा काही पुरेसा पुरावा जमवावा, असं एसए ५०१ सांगतं. आम्ही तिघांना पत्रं पाठवली. हीट ट्रीटमेंट आणि मशिनिंगचं उत्तर आलं. प्लेटिंगवाल्याचं आलं नाही.

आमच्याकडे तेव्हा एक आर्टिकल मुलगी होती. साठ्याचा विभाग तिच्याकडे होता. तिच्या वर्किंग पेपरवर २४ सप्टेंबर अशी तारीख आणि स्वच्छ अक्षरात नोंद होती: दुसरं स्मरणपत्र पाठवलं, उत्तर नाही. माझ्या रिव्ह्यू नोटेवर मी विचारलं होतं, तिन्ही पत्रं आली का? तिने समोर लिहिलं, “सर, प्लेटिंग बाकी.” त्या ओळीपुढे माझ्याच हातची टिक आहे. ती टिक ‘वाचलं’ या अर्थाची की ‘मिटलं’ या अर्थाची, हे आज मला सांगता येत नाही. टिकांचा अर्थ कुठे लिहून ठेवायचा असतो. तोही आम्ही ठेवला नव्हता.

आणि माझा मेमो २२ सप्टेंबरचा. म्हणजे तिने ‘उत्तर नाही’ लिहिण्याच्या दोन दिवस आधीच मी ‘पुष्टी घेतली’ लिहून मोकळा झालो होतो.

हे वाक्य आलं कुठून, तर आदल्या वर्षीच्या मेमोतून. त्या वर्षी तिन्ही पत्रं आली होती. मी जुनी वर्ड फाइल उघडली, वर्ष बदललं, आकडे बदलले आणि वाक्यं तशीच ठेवली. त्याहून वाईट भाग वेगळाच होता. कारो २०२० च्या आदेशाप्रमाणे ऑडिट रिपोर्टला जे परिशिष्ट जोडावं लागतं, त्यात साठ्याची प्रत्यक्ष मोजणी झाली का याबद्दल एक कलम आहे. तिथे आम्ही नेहमी लिहितो की तिसऱ्या पक्षाकडील मालाबाबत पुष्टीपत्रं मिळवली आहेत. परिशिष्टाचा मसुदा ऑगस्टमध्येच तयार होता, आणि तोही आदल्या वर्षीचाच. मेमो लिहिताना तो माझ्यासमोर उघडा होता. खरं तर कामातून मेमो यावा आणि मेमोतून रिपोर्ट. मी रिपोर्टाच्या मसुद्याला जुळेल असा मेमो लिहिला. बाहेर जाणाऱ्या, बँकेच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टात ते वाक्य २६ सप्टेंबरच्या सहीनिशी गेलं. यूडिन क्रमांक घेतला, आणि विषय संपला असं वाटलं.

मेमोतली दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे, कारण तिथे मी निष्काळजी नव्हतो. नियमाने गेलो आणि तरी चुकलो.

मेमोच्या दुसऱ्या पानावर दुरुस्त न केलेल्या फरकांचा तक्ता होता. त्यात दोन रकमा होत्या. एक, लघुउद्योगांची देणी वेळेत न दिल्याबद्दलचं व्याज. बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ, असं कायदा म्हणतो. आमच्या हिशेबाने ते ३ लाख १० हजार. कंपनीचे अकाउंटंट म्हणाले, “साहेब, कुणी मागतच नाही, तर तरतूद कशाला?” दुसरी रक्कम होती ३१ मार्चला बिल फाडलेला, पण फाटकाबाहेर २ एप्रिलला गेलेला माल. त्यातला नफा २ लाख ४० हजार. बेरीज साडेपाच लाख. तिसऱ्या ओळीवर मी प्लेटिंगचा साठा लिहिला होता. होय, लिहिला होता. एकाच मेमोच्या पहिल्या पानावर पुष्टी घेतली होती आणि दुसऱ्या पानावर ती यायची होती. पण त्या ओळीच्या रकमेच्या रकान्यात काहीच नव्हतं, कारण फरक किती हे माहीतच नव्हतं. एक्सेलच्या बेरजेत रिकामी चौकट शून्य धरली जाते. खाली निष्कर्ष आला: एकत्रित फरक ५.५० लाख, मटेरिअ‍ॅलिटीपेक्षा कमी, मतात बदल आवश्यक नाही.

सापडलेला फरक आणि न मिळालेला पुरावा या दोन गोष्टी एका रकान्यात बसत नाहीत. पहिल्याची रक्कम कळलेली असते. ती इतरांत मिळवायची आणि मटेरिअ‍ॅलिटीशी ताडायची. दुसऱ्याबाबत आपल्याला एवढंच ठाऊक असतं की किती रुपयांबद्दल आपण काहीच सांगू शकत नाही. इथे ते २१ लाख होते, मटेरिअ‍ॅलिटीच्या अडीच पटींहून जास्त. त्या क्षणी माझ्यापुढे दोनच सरळ रस्ते होते: दुसऱ्या मार्गाने पुरावा मिळवायचा, नाहीतर एवढ्या भागापुरतं मत राखून, म्हणजे क्वालिफाय करून, रिपोर्ट द्यायचा. रिकामी चौकट हा तिसरा रस्ता मीच काढला.

हे उघड झालं ते २०२४ मध्ये, पीअर रिव्ह्यूला. परगावचे एक सनदी लेखापाल आमच्या निवडक फाइली बघायला आले होते. फार न बोलणारे. त्यांनी मेमो एका हाताला आणि आर्टिकलचा कागद दुसऱ्या हाताला ठेवून दोन्ही तारखा मला दाखवल्या. मग रिपोर्टाच्या परिशिष्टातलं वाक्य दाखवलं. मी म्हणालो, “पत्र नव्हतं आलं, पण एप्रिल-मेमध्ये माल परत आल्याची चलनं मी बघितली होती. आयटीसी-०४ पण जुळवलं होतं.”

ते म्हणाले, “कुठंय?”

फाइलमध्ये नव्हतं. ऑडिटरने तोंडी सांगितलेलं स्पष्टीकरण कागदावरच्या मजकुराचा खुलासा करायला चालतं, पण काम झालं याचा आधार म्हणून एकट्याने उभं राहत नाही. एसए २३० मधला हा मुद्दा मी आर्टिकल मुलांना दर वर्षी समजावून सांगतो.

त्या रात्री मी जे केलं ते सांगायला अवघड जातं. एक एक्सेल शीट उघडलं, वर ‘वर्षअखेरीनंतर परत आलेला जॉबवर्क माल’ असं शीर्षक दिलं आणि तारखेच्या जागी २२ सप्टेंबर २०२२ टाकली. मनाशी समर्थनही तयार होतं: काम तर केलंच होतं, कागद तेवढा आता होतोय. ब्रिटनमध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी २०१८ च्या जानेवारीत बुडाली. त्याआधी तिची फाइल नियामकांच्या तपासणीला आली तेव्हा केपीएमजीच्या लोकांनी बैठकांची इतिवृत्तं मागाहून बनवून दिली होती. त्यासाठी २०२२ मध्ये त्या फर्मला १ कोटी ४४ लाख पौंडांचा दंड झाला. आमच्या अभ्यास मंडळात ही बातमी मीच वाचून दाखवली होती आणि ‘एवढ्या मोठ्या लोकांना हे सुचतं कसं’ असं म्हणालो होतो. सुचायला काही लागत नाही. रात्री ऑफिसात एकटं असणं पुरतं.

मला थांबवलं ते सचोटीने नव्हे, अडचणीने. शीट भरायला चलनं हवी होती आणि ती आमच्याकडे नव्हती. ती कंपनीकडून मागवावी लागणार, ईमेलवर स्कॅन होऊन येणार, आणि ईमेलवर २०२४ ची तारीख असणार. मी तारीख खोडली. दुसऱ्या दिवशी भागीदारांना सांगितलं. ते माझ्याहून वयाने मोठे, थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “मागव चलनं. बघू तर खरं काय निघतं.”

नियमाने यासाठी जागा आहे. रिपोर्टाच्या तारखेपासून साठ दिवसांत फाइल जुळवून बंद करायची असते. त्या साठ दिवसांत कागद लावणं, क्रमांक देणं, रिपोर्टाआधी मिळालेला आणि आपसांत चर्चिलेला पुरावा नीट नोंदवणं चालतं. साठ दिवसांनंतर जुना कागद काढता येत नाही. नवा घालावाच लागला तर तो का घातला, कधी, कोणी आणि कोणी तपासला, हे त्यावर लिहायचं. आम्ही तसंच केलं. २०२४ ची तारीख, दोघांच्या सह्या, आणि कारणाच्या जागी ‘मूळ फाइलमध्ये पर्यायी तपासणीची नोंद नव्हती’ हे साधं वाक्य.

चलनं आली आणि माझं ‘बघितलं होतं’ म्हणजे नेमकं काय होतं ते कळलं. मी सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या स्टोअरमध्ये चलनांचा गठ्ठा चाळला होता. एप्रिलची बरीच दिसली, समाधान वाटलं. बेरीज केली नव्हती. आता केली, तर एप्रिल आणि मेमध्ये प्लेटिंगवाल्याकडून परत आलेला माल १४ लाखांचाच भरला. उरलेला ७ लाखांचा माल जूनमध्ये नाही, जुलैत नाही. तो डिसेंबर २०२२ मध्ये आला, भंगार म्हणून.

गोष्ट अशी होती. फेब्रुवारीत पाठवलेल्या ब्रॅकेटच्या काही लॉटवर झिंकचा थर पातळ बसला होता. सॉल्ट स्प्रेच्या चाचणीत पांढरा गंज लवकर धरला आणि कंपनीने तो माल नाकारला. दोष पत्र्याचा की प्लेटिंगचा यावर वाद चालू होता, म्हणून माल तिथेच पडून होता, आणि म्हणूनच तो माणूस आमच्या पत्राला उत्तर देत नव्हता. उत्तर दिलं असतं तर वादात त्याचीच बाजू अडली असती. कंपनीचं माल नाकारल्याचं पत्र १९ मार्च २०२२ चं होतं, म्हणजे वर्षअखेरीच्या आधीचं. ऑडिटच्या वेळी मी ते मागितलं नव्हतं आणि त्यांनी दाखवलं नव्हतं.

आयटीसी-०४ जुळलं होतं हेही खरं. जॉबवर्कला गेलेल्या आणि आलेल्या मालाचं ते जीएसटीचं विवरण. पण ते कंपनीच भरते, स्वतःच्याच चलनांवरून. पुस्तकातला साठाही त्याच चलनांवरून. दोन्ही जुळणारच. माल तिथे आहे का, आणि चांगल्या अवस्थेत आहे का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो, म्हणून त्यांच्या अकाउंटंटने डिसेंबरात तो उचलून आणला. करावर त्यांचं बरोबर लक्ष होतं. मूल्यावर कुणाचंच नव्हतं.

भंगाराचे आले ८० हजार. म्हणजे ३१ मार्च २०२२ ला तो साठा ६ लाख २० हजारांनी फुगलेला होता. साडेपाच लाखांत हे मिळवा: ११ लाख ७० हजार. मटेरिअ‍ॅलिटी ८ लाख. ‘मतात बदल आवश्यक नाही’ हा निष्कर्ष उभा राहत नव्हता. तेव्हा बेरीज केली असती तर कंपनीकडून ६.२० लाखांची दुरुस्ती करून घेता आली असती, त्यांनी ती केलीही असती बहुतेक, आणि उरलेल्या साडेपाच लाखांवर स्वच्छ रिपोर्ट देता आला असता. एका दुपारचं काम होतं. पुढच्या वर्षी तो तोटा कच्च्या मालाच्या वापरात मिसळून गेला. त्या वर्षीचं ऑडिटही आमचंच, आणि आम्हाला तो तिथेही दिसला नाही.

आता सह्यांचं. मेमोवर तीन चौकटी होत्या: तयार केले, तपासले, अंतिम मंजुरी. पहिल्या दोन्हींत माझे इनिशिअल. तिसऱ्यात भागीदारांचे, २६ सप्टेंबर. लिस्टेड कंपनी असती तर कामाबाहेरच्या माणसाकडून गुणवत्तेचा स्वतंत्र आढावा सक्तीचा होता. प्रायव्हेट कंपनीला तो नाही. आम्ही आपल्या धोरणात ‘दुसरा भागीदार बघेल’ असं लिहून ठेवलंय. त्यांनी काय बघितलं, असं पीअर रिव्ह्यूअरनी विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, “मेमो.” मानक म्हणतं, कोणी तपासलं आणि कधी एवढंच नव्हे, किती तपासलं तेही नोंदवा. इनिशिअलमधून ते कळत नाही. त्यांनी मेमो वाचला, आणि मेमो म्हणत होता की सगळं ठीक आहे. पहिलं आणि दुसरं पान परस्परविरोधी आहेत हे त्यांच्याही नजरेतून सुटलं, कारण दुसऱ्या पानावर ते थेट खालच्या निष्कर्षाकडे गेले. त्या आठवड्यात टॅक्स ऑडिटच्या फाइलींचा ढीग त्यांच्या टेबलावर होता. मी त्यांच्या जागी असतो तरी वेगळं केलं नसतं.

पीअर रिव्ह्यूच्या अहवालात दोन शेरे आले: कागदपत्रांची अपुरी नोंद आणि मेमोतील विधानाला आधार नाही. कंपनीला आम्ही लेखी कळवलं. संचालकांनी फोनवर विचारलं, “आता दोन वर्षांनी?” मी हो म्हणालो.

त्यानंतर मेमोत मी मोजकेच बदल केले. जुनी वर्ड फाइल उघडायची नाही, कोऱ्या पानावर लिहायचं, आणि सुरुवात लटकलेल्या मुद्द्यांपासून करायची, निष्कर्ष त्यांच्यानंतर. न मिळालेल्या पुराव्याचा तक्ता वेगळा, आणि त्यात रक्कम कधीच रिकामी नाही: मुद्दा मिटेपर्यंत पूर्ण शिल्लक लिहायची, इथे २१ लाख. प्रत्येक विधानापुढे वर्किंग पेपरचा क्रमांक, आणि तो कागद ज्या आर्टिकलने केला त्याचे इनिशिअल त्याच ओळीवर. शेवटची ही गोष्ट सगळ्यात उपयोगी ठरली. एकोणीस-वीस वर्षांचं पोर आपल्या कागदाबद्दलचं खोटं वाक्य वाचून सही करायला कचरतं. पहिल्याच वर्षी एक जण माझ्यासमोर मेमो घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, इथं सगळी बँक कन्फर्मेशन्स आली असं लिहिलंय. एक यायचंय.”

भागीदार आता मंजुरीच्या चौकटीत कोणते कागद उघडले त्यांचे क्रमांक लिहितात. कधी पाच, कधी दोन. गेल्या सप्टेंबरात एका फाइलवर त्यांनी लिहिलं, ‘फक्त मेमो वाचला.’ मला राग आला होता, पण ते तसंच ठेवलं आणि साठ्याचा विभाग त्यांच्याकडे परत पाठवला. रिपोर्टावर सही व्हायला आणखी दोन दिवस लागले. कंपनीच्या अकाउंटंटचे त्या दोन दिवसांत बरेच फोन आले.